तारेने गेलेली बातमी: उलटा पिरॅमिड नक्की कुठून आला?

"मी जळगावला पत्रकारितेचा अभ्यासक्रम करतोय. पुस्तकात लिहिलंय की तारेची लाईन मधेच तुटायची, म्हणून महत्त्वाचं आधी लिहायची पद्धत, म्हणजे उलटा पिरॅमिड, पडली. खरंच एवढंच कारण आहे का? आणि तार इंग्रजीत, पेपर मराठीत, मग आपल्या बातमीवर तारेचा परिणाम तरी काय झाला?"

लाईन तुटायची, यात खोटं काही नाही. १९७३ पासून आठेक वर्षं मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून मुंबईच्या एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवत होतो. पुढे जळगावला डेस्कवर, म्हणजे आलेला मजकूर नीट करून छपाईला देणाऱ्या टेबलावर आलो आणि टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेने आलेला मजकूर आपोआप छापणाऱ्या यंत्रावर उतरणारा इंग्रजी मजकूर मराठीत करत बसलो. वळवाच्या वाऱ्यात झाड पडलं की आमच्या तालुक्याची लाईन गेलीच. कधी तांब्याची तारच चोर कापून न्यायचे. तारमास्तर मान वर न करता म्हणायचे, "लाईन नही शे भाऊ, थांब जरासा." तो 'जरासा' कधी अर्धा तास असायचा, कधी दुसऱ्या दिवशीची सकाळ.

तरीही पुस्तकातलं ते वाक्य मला अपुरं वाटतं. लाईन तुटण्याच्या भीतीने पद्धत पडली असती, तर तार आल्याबरोबर बातम्या उलट्या व्हायला हव्या होत्या. तसं झालेलं नाही. मॉर्सची पहिली सार्वजनिक लाईन अमेरिकेत १८४४ साली सुरू झाली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे तिथले वार्ताहर लॉरेन्स गोब्राइट यांनी ताबडतोब एका ओळीची तार केली. तिचा आशय असा की अध्यक्षांना आज रात्री नाट्यगृहात गोळी लागली आहे आणि जखम बहुधा जीवघेणी आहे. मग त्यांनी सविस्तर वृत्तांत लिहिला. तो कुठून सुरू होतो माहीत आहे? अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आज संध्याकाळी नाटक पाहायला गेले होते, इथून. पिस्तुलाचा आवाज येतो तो तिसऱ्या अंकात. म्हणजे त्याच माणसाने, त्याच रात्री, त्याच तारेवरून दोन तऱ्हांनी लिहिलं. घाईच्या एका ओळीत गाभा आधी आला आणि लांब वृत्तांत मात्र आपण घरी येऊन एखादी हकीकत सांगतो तसा, पहिल्यापासून.

त्याच रात्री अमेरिकेचे युद्धमंत्री स्टँटन यांनी एक संदेश पाठवला. त्याच्या पहिल्याच वाक्यात वेळ, ठिकाण आणि अध्यक्षांवर झालेला हल्ला हे सगळं आहे. उलट्या पिरॅमिडचा सुरुवातीचा नमुना म्हणून अभ्यासक बरेचदा त्याकडे बोट दाखवतात. मला त्यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते हे की तो लिहिणारा वार्ताहर नव्हता, अधिकारी होता. हाताखालच्या आणि वरच्या लोकांना पटकन कळवायची सवय ज्याला असते, त्याने तो लिहिला. वर्तमानपत्रांत ही रचना सर्रास दिसू लागली ती त्या शतकाच्या अखेरीस. तोवर तार जुनी झाली होती आणि लाईनी पहिल्यापेक्षा पुष्कळ भरवशाच्या झाल्या होत्या.

मग मधल्या काळात काय बदललं? माझ्या मते, बातमीचं गिऱ्हाईक बदललं. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही वर्तमानपत्रांनी तारेचा खर्च वाटून घ्यायचं ठरवलं आणि त्यातून असोसिएटेड प्रेस उभी राहिली. आता एकच वार्ताहर दहा संपादकांसाठी लिहिणार. त्यातल्या एकाच्या पानावर अर्धा रकाना मोकळा, दुसऱ्याकडे चार ओळींची जागा. वार्ताहराला हे कळायला मार्ग नाही आणि डेस्कवरच्या माणसाला नव्याने लिहून काढायला वेळ नाही. अशा वेळी मजकूर असा लागतो की तो खालून कुठेही कापला तरी वरचं शाबूत राहील. लाईन एकदा कधीतरी तुटते. कात्री रोज लागते, आणि ती दहा ठिकाणी वेगवेगळ्या ओळीवर लागते.

तटस्थ भाषेचंही मूळ मला तिथेच दिसतं. गोब्राइट यांनी स्वतः सांगितलेलं आहे की आपली तार सगळ्या राजकीय रंगांच्या पत्रांना जाते, त्यामुळे घडलेलं कळवायचं आणि त्यावर टीकाटिप्पणी करायची नाही, अशी आपल्याला ताकीद आहे. जो मजकूर एका पक्षाच्या पत्राला चालेल आणि विरोधकालाही चालेल, त्यात विशेषणं उरतच नाहीत. 'कोण म्हणालं' हे नाव घेऊन सांगावं लागतं, म्हणजे आरोपाची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते.

आता हे सगळं आपल्याकडे कसं दिसायचं, ते एका बातमीवरून सांगतो. कापसाचा हंगाम होता, जानेवारी. आमच्या भागातल्या एका जिनिंगला दुपारी साडेतीनच्या सुमारास आग लागली. मी चारला पोचलो. सरकी काढणारे रेचे बंद पडलेले, आवारात कपाशीची गंजी धुमसत होती, गासड्यांपर्यंत आग गेली होती. तीन मजूर गेले होते आणि सात जणांना दवाखान्यात नेलं होतं. पोलिस निरीक्षक जागेवर होते, त्यांच्याकडून आकडे घेतले. साडेचारनंतर तिथे थांबलो नाही, कारण तार ऑफिसात पोचायचं होतं. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, लावून पाहायचा विचारही केला नाही. त्या वेळी संध्याकाळचा ट्रंक कॉल तीन तासांनी लागला तरी नशीब समजायचो.

वार्ताहराकडे एक अधिकारपत्र असायचं. ते दाखवलं की तारेचे पैसे भरावे लागत नसत, बिल पेपरच्या नावावर जायचं. प्रेसच्या तारेला दरही साध्या तारेपेक्षा बराच कमी असे. पण सवलतीचा दुसरा अर्थ असा की तुमचा नंबर मागे. सरकारी तार, जादा पैसे भरलेली एक्सप्रेस तार, कुणाच्या मृत्यूची तार, हे आधी. हाताने मॉर्स वाजवणारा चांगला तारमास्तर मिनिटाला वीस-पंचवीस शब्द काढायचा. दोनशे शब्दांची बातमी दिली तर आठ-दहा मिनिटं लाईन माझ्याच नावाने अडकणार, आणि ते तो करणार नाही. म्हणून आम्ही तुकडे करायचो. इंग्रजीतून त्याला 'टेक' म्हणत.

पहिला तुकडा पाच वीसला दिला. त्याचा मराठी अर्थ असा: "जिनिंगला आग. तीन मजूर ठार, सात जखमी, पोलिसांची माहिती. आज दुपारी साडेतीन. आणखी पाठवत आहे." गावाचं नाव आणि तारीख वर होतीच. दुसऱ्या तुकड्यात मृतांची नावं, जखमींना कुठे नेलं, बंब कुठून आले आणि किती वाजता आले. तिसऱ्यात मजुरांचं म्हणणं, मालकाचं म्हणणं आणि आग कशामुळे लागली असेल याबद्दल लोक काय बोलत होते ते. कपाशीत लोखंडाचा तुकडा आला की रेच्यात ठिणगी उडते आणि तीही एवढा कापूस पेटवायला पुरते. गावात मात्र कुठल्याही आगीला पहिलं नाव शॉर्टसर्किटचं येतं. त्या क्षणी खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कारण मी तिसऱ्या तुकड्यात टाकलं, आणि तेही 'मजूर म्हणतात', 'मालक म्हणतात' असं.

यात एक गोष्ट बघा. प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा होता. दुसरा आधी पोचला किंवा पहिला वाटेत अडकला, तरी डेस्कवरच्या माणसाला कळलं पाहिजे की हे कशाबद्दल आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या सुरुवातीला 'जिनिंग आग' ही खूण पुन्हा यायची. आमची तार थेट मुंबईला जात नसे. तालुक्याहून जळगाव, तिथे एकजण ऐकून कागदावर उतरवणार, मग पुढे मुंबई. प्रत्येक टप्प्यावर कागदांचा गठ्ठा आणि प्रत्येक टप्प्यावर चुकीची एक नवी जागा.

पहिला तुकडा मुंबईत सहा वीसला पोचला, दुसरा सात चाळीसला. तिसऱ्याच्या वेळी लाईन गेली आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेला. आता वेगाचा हिशेब लावा. मुंबईच्या पेपराची डाक आवृत्ती, म्हणजे रात्रीच्या गाडीने आमच्याकडे येणारी, संध्याकाळी सातच्या सुमारास बंद व्हायची. शहर आवृत्ती मध्यरात्रीपर्यंत उघडी. म्हणून आमच्या गावाने आमच्याच आगीबद्दल चार ओळी वाचल्या आणि मुंबईकरांनी मृतांच्या नावांसह मोठी बातमी वाचली. तारेने खानदेशची बातमी तासाभरात मुंबईला नेली, पण ती खानदेशात परत यायची तर कागदावर छापून, भुसावळकडे येणाऱ्या गाडीत बसूनच यायची. तारेमुळे बातमीचा वेग वाढला असं आपण सरसकट म्हणतो. वाढला तो एका टोकाकडे जाताना. उलट्या दिशेने तो आगगाडीइतकाच राहिला. पुढे जळगाव-धुळ्यातच दैनिकं निघू लागली तेव्हा कुठे हे अंतर मिटलं.

त्याच रात्री साडेनऊला वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर तीच बातमी आली आणि तिच्यात चार ठार होते. डेस्कने शहर आवृत्तीत आकडा बदलला. एकाच पेपराच्या दोन आवृत्त्यांत दोन आकडे. गावात लोकांनी मला अडवून विचारलं की तुम्ही एक माणूस का लपवला. मी लपवला नव्हता. जखमींपैकी एक संध्याकाळी दवाखान्यात दगावला होता. दोन्ही आकडे आपापल्या वेळेला बरोबर होते, पण माझ्या तारेत वेळ आगीची होती, आकड्याची नव्हती. तेव्हापासून मी 'साडेचारपर्यंत तीन' असं लिहू लागलो. तारेत दोन शब्द वाढले, पण डेस्कला दोन बातम्यांतलं कुठलं ताजं हे ठरवता येऊ लागलं. वृत्तसंस्थेत ही सोय पद्धतीतच असते. प्रत्येक मजकुरावर वेळ असते, आकडा वाढला की नवा 'लीड', म्हणजे बातमीची नवी सुरुवात, सुटतो, जुना बाद होतो, आणि मजकूर मुळातच चुकला असेल तर 'किल' असा आदेश येतो. एकट्या वार्ताहराकडे हे काही नसे, म्हणून त्याने ते वाक्यातच बसवायचं.

चुकांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण त्यातून तारेची भाषा घडली. तारेत सगळ्यात धोकादायक शब्द म्हणजे इंग्रजीतला 'नॉट'. तीन अक्षरं गळली की बातमी उलटी. माझं एकदा असंच झालं. एका अधिकाऱ्यांनी बाजार बंद ठेवण्याचा आदेश दिलेला नाही, अशी तार मी केली. 'नॉट' वाटेत कुठेतरी पडला आणि आदेश दिला असं छापून आलं. दोन दिवस व्यापाऱ्यांची बोलणी खाल्ली. जुनेजाणते वार्ताहर 'नॉट रिपीट नॉट' असं लिहायचे, ते मला तेव्हा समजलं. त्याहून बरा उपाय म्हणजे नकार क्रियापदातच घालायचा. 'डिनाइड', 'रिफ्यूज्ड', 'फेल्ड' हे शब्द लांब आहेत, एखादं अक्षर चुकलं तरी अर्थ उलटत नाही. आकड्यांचंही तसंच. मी अंक न लिहिता अक्षरात लिहायचो आणि शेवटी पुन्हा एकदा द्यायचो. इंग्रजी बातमीत 'नाकारले', 'फेटाळले', 'अपयशी ठरले' अशी ठाम क्रियापदं एवढी का असतात, याची बाकीही कारणं असतील, पण हे एक मी स्वतः भोगलेलं आहे.

परदेशी बातमीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे गोष्ट वेगाची कमी आणि मालकीची जास्त आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. त्याच वर्षी इराणच्या आखातातून तुर्कस्तानमार्गे युरोपशी तार जोडली गेली होती. वीस शब्दांना पाच पौंड पडत. वाटेतले कारकून इंग्रजी न जाणणारे, त्यामुळे संदेश कित्येक दिवसांनी आणि मोडक्या अवस्थेत पोचायचे. १८७० मध्ये एडन आणि सुएझमार्गे समुद्रातली केबल झाली तेव्हा काम तासांवर आलं. कापूस पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या मुलखाला या फरकाची किंमत कुणी समजावून सांगायला नको.

रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कार्यालय उघडलं ते १८६६ मध्ये. आणि १८७० मध्ये लंडनची रॉयटर, पॅरिसची हाव्हास आणि बर्लिनची वोल्फ या वृत्तसंस्थांनी करार करून जग वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरच्या वाट्याला आलं. त्यामुळे पुढची कित्येक दशकं अमळनेरच्या वाचकाला रशियाची बातमी मिळायची ती लंडनच्या नजरेतून, आणि आपली बातमी जगात जायची तीही लंडनमार्गेच. देशातल्या बातम्यांसाठी के. सी. रॉय यांनी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया उभी केली, पण तीही रॉयटरच्या ताब्यात गेली. एस. सदानंद यांच्या फ्री प्रेस या वृत्तसंस्थेने हा वेढा मोडायचा जिद्दीने प्रयत्न केला. शेवटी पीटीआय, म्हणजे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, हिची नोंदणी झाली २७ ऑगस्ट १९४७ ला, आणि काम सुरू झालं १९४९ मध्ये. वृत्तसंस्थेची रचना कळायची असेल तर केवळ तारांचं जाळं पाहू नका. गाठ कुणाच्या हातात आहे ते पाहा.

आता मराठीकडे येतो. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, कारण माझं निम्मं आयुष्य यात गेलं.

तालुक्याचा वार्ताहर रोमन लिपीत तार करायचा, मुंबई-पुण्याच्या डेस्कवर ती मराठीत व्हायची. पहिला फटका नावांना बसायचा. रोमन अक्षरांत त आणि ट एकच, द आणि ड एकच, ल आणि ळ एकच. बोदवडचं 'बोडवाड' व्हायचं, दोंडाईच्याचं 'डोंडायचा', तळोद्याचं 'तलोडा', पारोळ्याचं 'परोला'. आडनावांचं तर विचारू नका. भोळे की भोले, हे तारेवरून ठरवताच येत नसे. मृतांच्या नावात अशी चूक झाली की घरच्यांना ती किती लागते, हे गावात राहणाऱ्यालाच कळतं. मी डेस्कवर आलो तेव्हा पहिलं काम केलं ते खानदेशातल्या गावांची देवनागरी यादी करून भिंतीवर लावायचं.

दुसरी गोष्ट वाक्याची. इंग्रजी वाक्यात 'तीन मजूर ठार झाले' हे आधी येतं, कसे आणि कुठे ते मागून. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणजे इंग्रजी पद्धतीने सगळं एका वाक्यात कोंबलं की जे आधी यायला हवं ते मराठीत नेमकं शेवटी जातं. टेलिप्रिंटरवरून घाईत केलेली मराठी बातमी अशी दिसायची: "जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यात आज दुपारी साडेतीन वाजण्याच्या सुमारास लागलेल्या व नंतर गासड्यांपर्यंत पसरलेल्या भीषण आगीत होरपळून तीन मजूर ठार, तर सात जण जखमी झाल्याचे पोलिसांनी सांगितले." तीन माणसं गेली, हे कळायला वाचकाने वीस-बावीस शब्द ओलांडायचे. नावाला उलटा पिरॅमिड, आणि वाक्याच्या आत मात्र तो पुन्हा सुलटा झालेला.

यावर उपाय एकच, आणि तो अनुवादाच्या बाहेर जाऊनच करावा लागतो. मराठीत उलटापालट वाक्यात करायची नाही, परिच्छेदात करायची. पहिलं वाक्य तोकडं ठेवायचं: "जिनिंगला लागलेल्या आगीत तीन मजूर होरपळून ठार झाले." दुसरं: "सात जण जखमी आहेत." मग वेळ, ठिकाण, कोणी सांगितलं. शब्द तेवढेच, पण खालून कुठेही कापलं तरी चालतं. आमच्या मथळ्यांनी हे आधीच साधलं होतं. 'जिनिंगच्या आगीत तीन ठार' यात क्रियापद गाळलं की काम झालं. पुष्कळ उपसंपादक मथळा मराठीत लिहायचे आणि खाली उतरले की इंग्रजीत विचार करायला लागायचे.

'अटक करण्यात आली', 'आदेश देण्यात आले', 'मदत जाहीर करण्यात आली' ही कर्मणी वळणंही माझ्या मते इंग्रजी तारेच्या सोबतीने फोफावली. सरकारी मराठीचा हातभार आहेच. पण इंग्रजी वाक्यात कर्ता नसतो तिथे मराठीत तो शोधायला फोन करावा लागतो, आणि रात्री अकराला ते कोण करणार? 'करण्यात आले' लिहिलं की कर्ता न शोधता वाक्य पूर्ण होतं. वाचक म्हणून तुम्ही अशा वाक्यापाशी थांबून विचारा, कोणी केलं? उत्तर बातमीत कुठेच नसेल तर ती बहुधा डेस्कवर बसून केलेली आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. इंग्रजीत 'पोलिसांनी सांगितलं' हे पहिल्याच वाक्याला चिकटून येतं. मराठीत आपण दोन-तीन वाक्यं सलग सांगतो आणि शेवटी म्हणतो, 'असे त्यांनी सांगितले.' बोलण्याची आपली ती सहज रीत आहे. पण वृत्तसंस्थेच्या मजकुराला कात्री खालून लागते. शेवटची ओळ कापली की 'असे त्यांनी सांगितले' जातं, आणि एका माणसाचं म्हणणं पेपराचं म्हणणं होऊन बसतं. त्या आगीच्या बातमीत माझा तिसरा तुकडा छापून आला असता, तर मालकाचं 'मजुरांनीच हलगर्जीपणा केला' हे वाक्य असंच उघडं पडलं असतं. मेलेल्या माणसांवर दोष, आणि तो कुणी दिला याचा पत्ताच नाही. म्हणून मी डेस्कवर असताना नियम केला होता, बोलणाऱ्याचं नाव वाक्याच्या सुरुवातीला. 'मालकाचे म्हणणे असे की', 'पोलिसांच्या माहितीनुसार'. लय थोडी रांगडी होते, पण कात्री कुठेही लागो, म्हणणं कुणाचं ते सुटत नाही.

अर्थात हे सगळं मी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तालुक्यावरून आणि एका डेस्कवरून बोलतोय. मोठ्या शहरात टेलिप्रिंटर आधी आला, तिथल्या वार्ताहराला तार ऑफिसात ताटकळावं लागलं नाही, त्याचा अनुभव वेगळा असेल. एकोणिसाव्या शतकातलं मी वाचून सांगितलं आहे, पाहून नाही. हिंदीत वृत्तसंस्थांच्या सेवा आल्या तेव्हा नावांचा प्रश्न बराच सुटला. माझ्या टेबलावर मात्र शेवटपर्यंत मुख्य मजकूर इंग्रजीतूनच येत राहिला.

तुम्हाला पडताळून पाहायचं असेल तर जळगावला व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुन्या मराठी पत्रांच्या फायली मिळतात का, याची चौकशी करा. एकच प्रकारची बातमी घ्या, आग किंवा पूर, आणि वेगवेगळ्या दशकांतले पाच-सहा नमुने काढा. गावाच्या नावापुढची तारीख आणि अंकाची तारीख यांतलं अंतर मोजा. ते तारेचं आणि आगगाडीचं मिळून अंतर आहे. मग माणसं मेल्याचं कितव्या शब्दाला कळतं ते मोजा. शेवटी पानाचा खालचा भाग झाकून बघा, बोलणारा कोण हे वरच्या अर्ध्यात कळतं का. मजकुरात कुठे 'काल'ऐवजी 'आज' राहून गेलेला सापडला, तर तिथे बोट ठेवा. वार्ताहराने तार करतानाचा तो 'आज' डेस्कवर बदलायचा राहिलेला असतो, आणि त्या एका शब्दावरून मजकूर तारेने आला असावा असा अंदाज बांधता येतो.